पुसट झालेलं अधिकचिन्ह

गेल्या आठवड्यात एका तरुण सहकाऱ्याने रजिस्टरच्या पानाचा फोटो पाठवला. तोंडाच्या कर्करोगावर उपचार घेतलेले दहा रुग्ण आणि प्रत्येकापुढे उपचारानंतरचे महिने: २, ३+, ४, ५+, ५+, ७, ९+, १०, १२+, १२+. नुसता आकडा म्हणजे त्या महिन्यात मृत्यू. अधिकचिन्ह म्हणजे तोवर रुग्ण हयात होता, पुढचं माहीत नाही. त्याचा प्रश्न होता, "सर, चार गेले. मग वर्षभर जगण्याचं प्रमाण साठ टक्के लिहू?"

वर्ष पूर्ण होण्याआधी चौघांचा माग सुटला होता. आपल्या बीडमध्ये यात नवल नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला गेलेली कुटुंबं हंगाम संपल्यावरच परततात. साठ टक्के लिहिलं, तर हे चौघे वर्षभर जगले असं आपण परस्पर ठरवतो. त्यांना वगळलं, तर सहापैकी दोन, म्हणजे तेहतीस टक्के उरतात. पण ते जितके महिने हयात होते, तेही वाया जातात.

एडवर्ड कॅप्लन आणि पॉल मायर यांनी १९५८ साली मांडलेली रीत कागदावर करता येते. प्रत्येक मृत्यूपाशी थांबायचं आणि त्या क्षणी निरीक्षणात किती जण होते ते मोजायचं. दुसऱ्या महिन्यात दहा होते, नऊ वाचले: ०.९. चौथ्या महिन्यात आठच होते, कारण एक दगावला आणि एकाचा माग सुटला. सात वाचले, म्हणून ०.९ ला सात-अष्टमांशाने गुणलं: सुमारे ०.७९. सातव्या महिन्यात पाचपैकी चार वाचले: ०.६३. दहाव्यात तिघांपैकी दोन: ०.४२. उत्तर बेचाळीस टक्के. माग सुटलेल्यांमुळे आकडा खाली येत नाही, फक्त पुढचा भाजक लहान होतो.

फोटोत एका '५+' चं अधिकचिन्ह पुसट होतं. ते नुसतं ५ वाचलं असतं, तर एक जिवंत माणूस मृतांत जाऊन उत्तर छत्तीस झालं असतं. म्हणून आधी मृत्यू आणि अधिकचिन्हं वेगवेगळी मोजून मूळ रजिस्टरशी ताडावीत: चार आणि सहा, एकूण दहा.

तरीही बेचाळीसवर डोळे झाकून विसंबू नये. शेवटची पायरी तिघांवरच उभी आहे. एका मृत्यूने आकडा एकवीस अंकांनी घसरला. शिवाय माग सुटलेले आणि राहिलेले यांचा धोका सारखाच, असं ही रीत धरून चालते. धडधाकट होते म्हणून कोयता घेऊन गेले असतील, तर खरं प्रमाण जास्त असेल. खंगून घरीच पडून असतील, तर कमी.

हे गणिताने कळत नाही. म्हणून 'पुन्हा आला नाही' एवढंच लिहून भागणार नाही. शेवटच्या भेटीची तारीख, न येण्याचं कारण आणि मुकादमाचा किंवा नातेवाइकाचा फोन नंबर, एवढ्या तीन रकान्यांचा आग्रह मी धरतो. सहकाऱ्याला म्हणालो, "बेचाळीस लिही, पण आधी त्या चौघांच्या घरी फोन कर."