कासवाची पिल्ले मोजता, वाळूचं तापमानही लिहा

दरवर्षी फेब्रुवारी-मार्च आला की वेळासचे फोटो सुरू होतात. टोपली उचलली, इवलीशी पिल्लं तुरुतुरु समुद्राकडे निघाली, लाइक्सचा पाऊस. त्यात वाईट काही नाही. २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र, वनखातं आणि गावकऱ्यांनी तिथे जे उभं केलं ते थोर आहे. पण हंगाम संपला की बातमी एकच असते, 'इतकी पिल्ले समुद्रात सोडली'. त्यातले नर किती, हे कोणी विचारत नाही. आणि विचारायला हवं, कारण ते आईबापांवर ठरत नाही. ते वाळू ठरवते.

माणसात मूल मुलगा की मुलगी हे गुणसूत्रांवर ठरतं. समुद्री कासवांना लिंग ठरवणारी गुणसूत्रंच नाहीत. अंडी दीड-एक फूट खोल वाळूत असताना, उबवणीच्या साधारण मधल्या तिसऱ्या हिश्श्यात घरट्याचं तापमान किती होतं, त्यावर पिल्लात अंडाशय तयार होणार की वृषण हे ठरतं. ऑलिव्ह रिडलेसाठी २९ ते ३१ अंशांच्या दरम्यान कुठेतरी तो काटा असतो. त्याच्या खाली बहुतेक नर, वर बहुतेक माद्या. सगळे नर ते सगळ्या माद्या, हा सगळा खेळ अवघ्या दोन-तीन अंशांचा.

(मगरीचा हिशोब आणखी तिरपा आहे. आपल्या गोड्या पाण्यातल्या मगरीची अंडी ३१ अंशांपर्यंत ठेवली तर माद्याच होतात, ३२.५ च्या आसपास नर, आणि त्याहून वर गेलं की पुन्हा माद्या दिसू लागतात. म्हणजे नरांना मिळते ती मधली चिंचोळी पट्टी.)

आता कोकणातली दोन घरटी घ्या. एक २० डिसेंबरचं, दुसरं १० मार्चचं. सोयीसाठी दोन्हीची उबवणी ५४ दिवस धरू. पहिल्याचे निर्णायक दिवस ७ ते २५ जानेवारी, म्हणजे थंडीतले. दुसऱ्याचे २८ मार्च ते १५ एप्रिल. त्या दिवसांत दुपारी किनाऱ्यावर अनवाणी चालून बघा! शिवाय अंडी वाढतात तशी स्वतःही उष्णता सोडतात, त्यामुळे घरटं आजूबाजूच्या वाळूपेक्षा थोडं गरमच असतं. हवामान तापत चाललंय तसं उशिराच्या घरट्यांतून नर निघणं अवघड होत जाणार. पारा ३४-३५ च्या पुढे टिकला तर पिल्लं अंड्यातच मरू लागतात.

'कोकणात काय होणार' म्हणणाऱ्यांनी ऑस्ट्रेलियाकडे बघावं. ग्रेट बॅरियर रीफच्या उत्तरेकडे जन्मलेल्या हिरव्या कासवांची तपासणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. प्रौढांमध्ये माद्या सुमारे ८७ टक्के, अजून वयात न आलेल्यांमध्ये ९९ टक्क्यांहून जास्त. दक्षिणेच्या थोड्या थंड किनाऱ्यांवर जन्मलेल्यांत हे प्रमाण ६५ ते ६९ टक्के. एक नर अनेक माद्यांना पुरतो, म्हणून माद्या थोड्या जास्त असणं चालतं. नरच येईनासे झाले तर नाही चालत. आणि ते कळायला वेळ लागतो, कारण पिल्लू वयात यायला दहा-पंधरा वर्षं जातात. तोवर किनाऱ्यावर घरटी येतच राहतात आणि सगळं छान दिसतं.

अडचण अशी की पिल्लू हातात घेऊन नर-मादी ओळखता येत नाही. बाहेरून दोघं सारखीच. मेलेल्या पिल्लाच्या आतल्या ग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली बघाव्या लागतात. पण एक खूण आपल्या वहीतच पडून आहे. हॅचरीत अंडी पुरल्याची आणि पिल्लं बाहेर आल्याची तारीख लिहिली जातेच. वाळू गरम असली की उबवणी लवकर संपते. ४५ दिवसांत फुटलेलं घरटं आणि ६० दिवसांचं घरटं यांची गोष्ट वेगळी आहे. अर्थात हा पूर्ण काळाचा अंदाज झाला, मधल्या दिवसांचा नेमका आकडा नव्हे. त्यासाठी काही घरट्यांत अंड्यांशेजारी तापमान नोंदवणारं छोटं यंत्र पुरायला हवं.

आणि सावली? माझं मत स्पष्ट आहे, मोजल्याशिवाय नको. उन्हाला भिऊन सगळ्या हॅचरीवर हिरवी जाळी ताणली तर डिसेंबरची आधीच थंड घरटी आणखी थंड होतील आणि आपणच सगळे नर करून ठेवू. पाणी शिंपडायलाही हात आखडता हवा, फार ओल झाली तर अंडी गुदमरतात. मार्चनंतरच्या घरट्यांवर जाळी, लवकरच्यांवर मोकळं ऊन, आणि दोन्हीकडे यंत्र, अशी सुरुवात करता येईल. अंडी किनाऱ्यावरून उचलून कुंपणात आणतो तेव्हा त्यांची जागा, खोली आणि ऊन आपणच निवडत असतो. म्हणून येत्या हंगामात वनखात्याने प्रत्येक हॅचरीच्या फलकावर पिल्लांच्या आकड्याशेजारी वाळूचं तापमान आणि उबवणीचे दिवसही लिहावेत. महोत्सवाला जाणाऱ्यांनो, कासवमित्रांना एवढं एक विचारून या.