बाकी किती उरली?

दिवाळीत यवतमाळला गेलो होतो. भर दुपारी लाइट गेले आणि पाचवीतला भाचा डबा घेऊन समोर बसला. मधे 21 चिंचोके, आळीपाळीने एक, दोन किंवा तीन उचलायचे, शेवटचा उचलेल तो जिंकला.

मी पहिला डाव घेतला, एकच चिंचोका उचलला. उरले 20. त्याने 3 घेतले, मी 1. त्याने 2, मी 2. त्याने 1, मी 3. असं करत 16, 12, 8, 4 वर आलो. समोर 4 आणि पाळी त्याची! त्याने काहीही उचललं तरी उरलेले माझेच. सलग तीन डाव हरल्यावर त्याचा चेहरा पडला.

मग मी मोठेपणाने गुपित सांगून टाकलं. समोरच्याने काहीही घेतलं तरी आपण त्याची भर घालून 4 करू शकतो. म्हणून 21 ला 4 ने भागायचं, बाकी 1 येते, ती आधीच उचलायची. बाकी शून्य असेल तर पाळी शक्यतो समोरच्याला द्यावी. (फ्रेंच गणिती बाशेच्या 1612 च्या पुस्तकात हीच युक्ती आहे, तिथे 1 ते 10 मिळवत 100 गाठायचे असतात आणि भागायचं 11 ने.)

माझं मत विचाराल तर सूत्र आधी सांगणं ही चूकच. का, ते दुसऱ्या दिवशी कळलं.

"मामा, आता जो शेवटचा उचलीन तो हारला," भाचा म्हणाला. मी सवयीने 1 उचलला. त्याने शांतपणे 3 घेतले. उरले 17, मग 13, 9, 5 आणि शेवटी माझ्यासमोर एकच चिंचोका!

पठ्ठ्याने रात्री वहीत शेवटाकडून मोजलं होतं. 1 उरला तर मेलो. 2, 3, 4 असतील तर समोरच्याला 1 ठेवता येतो, म्हणजे ठीक. 5 वरून कुठेही गेलं तरी समोरच्याचं बरंच होतं, म्हणजे पुन्हा मेलो. तसंच 9, 13, 17, 21. भागाकार तोच, पण आता समोरच्याला 1 बाकी ठेवायची, शून्य नाही. 21 वर पहिला डाव घेतला तेव्हाच मी हरलो होतो. सूत्र माझ्याकडे होतं, तेच मला नडलं.

शेवटचा उचलेल तो जिंकेल, पण उचलायचे फक्त 1, 3 किंवा 4, असं ठरवलं तर भर घालायची युक्तीच लंगडी पडते. समोरच्याने 1 घेतल्यावर आपण 4 घेऊन 5 करावेत, तर त्याने 3 घेतल्यावर 2 कुठून आणायचे? शेवटाकडून मोजा: 0 वाईट, 1 चांगला, 2 वाईट, 3 ते 6 चांगले, 7 पुन्हा वाईट, 9 वाईट. म्हणजे 7 ने भागून बाकी 0 किंवा 2 आली की पाळी समोरच्याची असलेली बरी.

हा नियम मी संध्याकाळी त्याच्यासमोर ठेवला. चिंचोके तेच, 21.

म्हटलं, "आता तू पयले घे."