कडेची धार आणि नुक्त्याचा बळी

जुनी व्हिडिओ कॅसेट 'एचडी करून' देणारे दुकानदार चित्र मोठे करतात आणि वर शार्पनेसची फोडणी घालतात. ग्राहक मोबाइलवर बघतो आणि खूश होतो. माझे म्हणणे सरळ आहे: ही धार चित्रात नव्हतीच, ती काठावर चढवलेली आहे. आणि ती काढताना घाई केली तर उरलेसुरलेही जाते.

माझ्याकडे १९९६ सालच्या शाळेच्या सहलीचे चित्रण आहे. मागे आंबागडचा किल्ला, पुढे मुलांनी धरलेला पांढरा कापडी फलक, त्यावर काळ्या रंगात उर्दू आणि मराठी मजकूर, बाजूला टोपी घातलेले अब्बा. अब्बांचे हलते-बोलते चित्रण एवढेच. एका दुकानातून कॅसेट बुरशी लागलेली परत आली आणि सोबत १४४० बाय १०८० ची फाइल. किल्ल्याच्या बुरुजाभोवती आकाशात पांढरी रेघ, अब्बांच्या टोपीभोवतीही तीच. जणू कात्रीने कापून चिकटवले आहे.

ही रेघ येते कुठून? मोठे करण्याच्या काही पद्धती कड टोकदार ठेवण्यासाठी शेजारच्या ठिपक्यांचा थोडा भाग वजा करतात. त्यामुळे काळ्या कडेच्या उजेडाकडच्या बाजूला मूळ उजेडापेक्षाही पांढरी पट्टी उठते, कधी तिच्यामागे फिकट लाटाही. शार्पनेस हेच काम आणखी जोरात करतो. कॅसेट प्लेअरही आपल्या परीने तेच करतो, पण तो सिग्नल ओळीच्या दिशेने हाताळत असल्यामुळे त्याची रेघ बहुधा वस्तूच्या डाव्या-उजव्या अंगालाच दिसते. ओळखायची खूण हीच: रेघ वर-खालीही असेल तर ती बहुधा नंतरच्या संगणकी कामातली.

इथे बहुतेक जण चुकतात. मोठ्या केलेल्या फाइलीवरच रेघ पुसायला बसतात. मूळ चित्रात दोन ठिपके रुंद असलेली रेघ ५७६ ओळींच्या १०८० केल्यावर जवळपास चार ठिपक्यांची होते. तेवढा मोठा बोळा फिरवला की टोपीची वीण आणि दाढीचे केसही पुसले जातात. कॅसेटमध्ये ५७६ ओळींपेक्षा जास्त काही नव्हतेच. म्हणून आधी फाइल पुन्हा लहान करा, रेघ तिथे काढा, मग हवे तर मोठे करा. मी अविसिंथमध्ये हे केले (DeHalo_alpha ही जोडस्क्रिप्ट आणि तिला लागणारे प्लगइन वेगळे बसवावे लागतात):

```
LWLibavVideoSource("sahal.mp4")
BilinearResize(720, 576)
DeHalo_alpha(rx=2.0, ry=1.0, darkstr=0.0, brightstr=0.8)
```

नुसते लहान केल्यावरच बुरुजाच्या वरची रेघ जवळपास गेली. डाव्या-उजव्या बाजूची मात्र राहिली, म्हणजे ती प्लेअरची. म्हणून `rx` दोन आणि `ry` एक ठेवले, म्हणजे पुसणे फक्त आडव्या दिशेने होते.

पहिल्या वेळी मी `darkstr` मूळचा १.० च ठेवला होता. रेघ गेली, पण फलकावरचे नुक्ते फिकट होऊन कापडात विरले. या गाळणीला पांढऱ्या कापडावरचा छोटा काळा ठिपका आणि कडेजवळचा डाग यांत फरक कळत नाही. 'बे'खालचा एक नुक्ता गेला की ते अक्षर 'बे' राहत नाही. मराठी ओळीतल्या अनुस्वारांचीही तीच गत झाली. `brightstr` फक्त उजळ रेघ दाबतो, `darkstr` काळ्या खुणा उजळ करतो. माझी रेघ पांढरी होती, म्हणून काळ्याला हात लावायची गरजच नव्हती. `darkstr` शून्य केल्यावर नुक्ते परत दिसले. पुन्हा मोठे करताना शार्पनेस लावला नाही आणि `BicubicResize(1440, 1080, 1.0, 0.0)` वापरले. ही पद्धत मऊ दिसते, पण नवी रेघ उठवत नाही.

लोक म्हणतील, गिऱ्हाइकालाच धारदार चित्र हवे असते. त्याला मोबाइलऐवजी मोठ्या पडद्यावर टोपीभोवतीचा पांढरा पट्टा दाखवा, मग विचारा. आणि एक मर्यादा खरी आहे: ज्या ठिकाणी रेघ पूर्ण पांढरी होऊन बसली आहे, तिथल्या आकाशातले ढग कुठल्याही गाळणीने परत येत नाहीत. माझ्या फाइलीत बुरुजाच्या उजव्या टोकाला तसे झाले आहे.

म्हणून कॅसेट दुकानात देताना दोनच गोष्टी मागा. प्लेअरचा शार्पनेस सर्वांत खाली ठेवा, आणि मोठी न केलेली, काहीही न लावलेली मूळ फाइल द्या. दुकानदार 'एचडी' ची कितीही भलामण करो, ती फाइल हातात आल्याशिवाय कॅसेट परत घेऊ नका. मी घेतली, म्हणून आज अब्बांच्या चेहऱ्याची एक कड दुरुस्त होऊ शकत नाही.