विश्लेषण : बारा मिनिटांत किती धावता यावरून तंदुरुस्ती कशी कळते?

मनगटावरची घड्याळे आता पावलांबरोबर ‘व्हीओटू मॅक्स’ नावाचा आकडाही दाखवू लागली आहेत. हा आकडा ३६ आला तर बरा की वाईट, आणि घड्याळाने तो काढला कुठून, हे मात्र अनेकांना उमगत नाही. तोच आकडा कोणत्याही उपकरणाशिवाय काढण्याची एक जुनी पद्धत आहे. मोजलेले मैदान, एक घड्याळ आणि बारा मिनिटांची धाव एवढ्यावर भागते. ‘कूपर चाचणी’ या नावाने ती ओळखली जाते. ती कितपत खरे सांगते आणि कुठे फसवते?

ही चाचणी आली कुठून?

डॉ. केनेथ कूपर हे अमेरिकी हवाई दलातील डॉक्टर. शरीर जोर लावून काम करत असताना दर मिनिटाला जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकते, ही दम मोजण्याची मान्य पट्टी तेव्हाही होती. पण त्यासाठी प्रयोगशाळेत ट्रेडमिलवर धावावे लागे, तोंडावाटे बाहेर पडणारा श्वास गोळा करून तपासावा लागे. हजारो सैनिकांसाठी हे शक्य नव्हते. डॉ. ब्रूनो बाल्के यांनी त्याआधी १५ मिनिटांच्या धावेवर काम केले होते. कूपर यांनी वेळ १२ मिनिटांवर आणली आणि हवाई दलातील ११५ पुरुषांची मैदानावरची धाव व ट्रेडमिलवरची मोजणी ताडून पाहिली. दोन्हींचा मेळ चांगला बसला. हा अभ्यास १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी आलेल्या त्यांच्या ‘एरोबिक्स’ या पुस्तकामुळे चाचणी छावणीबाहेर पडली. ब्राझीलच्या फुटबॉल संघाने १९७० च्या विश्वचषकाच्या तयारीत कूपर यांच्या पद्धतीचा आधार घेतला. त्या देशात सावकाश धावण्याला आजही ‘कूपर’ म्हणतात.

अंतर नव्हे, वेळच का ठरवून दिली?

या चाचणीतले खरे शहाणपण इथे आहे. भारतीय क्रिकेट मंडळाने २०२१ मध्ये खेळाडूंसाठी दोन किलोमीटरची धाव आणली. तिथे अंतर ठरलेले होते. वेगवान गोलंदाजांनी ते ८ मिनिटे १५ सेकंदांत, तर फलंदाज, यष्टिरक्षक आणि फिरकीपटूंनी साडेआठ मिनिटांत कापायचे होते. साऱ्यांची पातळी जवळपास असलेल्या संघात हे चालते. सामान्य माणसांच्या घोळक्यात मात्र तेच अंतर एकाला आठ मिनिटे लागतात, दुसऱ्याला चौदा. मग दोघांच्या शरीराची परीक्षाच वेगळी होते. बारा मिनिटांत सगळे एकाच शिटीला सुटतात आणि एकाच शिटीला थांबतात.

शिवाय ही वेळ पुरेशी लांब आहे. स्नायूंकडे प्राणवायूशिवाय ऊर्जा काढण्याची थोडी शिल्लक असते. जोरात धावल्यास ती सुरुवातीच्या एक-दोन मिनिटांतच बरीचशी खर्च होते. पुढची धाव हृदय, फुप्फुसे आणि रक्त किती प्राणवायू पोहोचवतात, यावर चालते. मोजायचे असते तेच.

आकडा कसा निघतो?

कापलेले अंतर मीटरमध्ये घ्यायचे, त्यातून ५०४.९ वजा करायचे आणि उत्तराला ४४.७३ ने भागायचे. येणारा आकडा म्हणजे शरीराच्या दर किलो वजनामागे, दर मिनिटाला वापरला जाणारा प्राणवायू, मिलिलिटरमध्ये. २४०० मीटर धावल्यास तो सुमारे ४२ येतो. ढोबळमानाने दर ४५ मीटरला आकडा एकाने सरकतो, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

मग चुकते कुठे?

सर्वाधिक चुकते ते वेगाच्या हिशेबात. समजा, ३८ वर्षांचा एक नोकरदार ४०० मीटरच्या ट्रॅकवर पहिल्यांदाच ही चाचणी देतो. शिटी वाजताच तो तरुणांबरोबर सुटतो. पहिली फेरी १ मिनिट ४५ सेकंदांत होते, दुसरी २ मिनिटे ५ सेकंदांत. तिसरीला अडीच मिनिटे लागतात, चौथीला २ मिनिटे ४० सेकंद. म्हणजे ९ मिनिटांत १६०० मीटर झाले. उरलेल्या तीन मिनिटांत चालत-पळत तो ३९० मीटर जातो. एकूण १९९० मीटर, आकडा ३३.

दहा दिवसांनी तोच माणूस प्रत्येक फेरी २ मिनिटे १० सेकंदांत, ठरवून, सारख्या वेगाने धावतो. १० मिनिटे ५० सेकंदांत पाच फेऱ्या होतात आणि राहिलेल्या ७० सेकंदांत आणखी २१५ मीटर. एकूण २२१५ मीटर, आकडा ३८. दहा दिवसांत दम पाचाने वाढलेला नाही. पहिल्या वेळी चाचणीने त्याचा उतावीळपणा मोजला होता. म्हणून पहिली धाव सराव समजावी आणि दुसरीचा आकडा धरावा. फेरीगणिक वेळ लिहून ठेवली की फसगत लगेच दिसते. शेवटची पूर्ण फेरी पहिलीपेक्षा पाऊण मिनिटाने मागे असेल, तर तो आकडा बाद. उलट, शेवटच्या मिनिटात सहज जोरात पळता आले, तर आधी हात राखून धावलो असे समजावे.

दुसरी चूक फितीची. ट्रॅकचे ४०० मीटर फक्त आतल्या पहिल्या मार्गिकेचे असतात. चौथ्या मार्गिकेत एक फेरी सुमारे ४२२ मीटरची होते. साडेपाच फेऱ्यांत १२० मीटरहून अधिक अंतर हिशेबात येत नाही आणि आकडा जवळपास तीनने घटतो. शाळेच्या मैदानावर ‘ही फेरी दोनशेची’ असे सांगितले जाते, ते एकदा टेपने मोजून पाहावे. मे महिन्यातल्या दुपारची धाव आणि डिसेंबरमधल्या सकाळची धाव यांची तुलनाही करू नये. उन्हात रक्ताचा काही वाटा शरीर थंड ठेवण्यासाठी त्वचेकडे वळतो आणि पायांना तेवढे कमी मिळते.

हे सूत्र सर्वांना लागू पडते का?

नाही. ते हवाई दलातल्या, बहुतेक तरुण पुरुषांच्या धावेवरून बांधले आहे. सूत्रात ५०५ मीटर घालून पाहा, उत्तर जवळपास शून्य येते. बारा मिनिटांत तेवढे अंतर रमतगमत चालणाराही जातो आणि त्याचा प्राणवायू काही शून्य नसतो! त्यामुळे ज्यांना बराच वेळ चालावे लागते, त्यांच्या आकड्यावर विसंबू नये. त्यांच्यासाठी चालण्याच्या वेगळ्या चाचण्या आहेत.

आणखी एक गोष्ट. दोघांची प्राणवायू वापरण्याची क्षमता सारखी असली, तरी ज्याची धावण्याची ढब काटकसरीची तो पुढे जातो. सायकलपटू किंवा जलतरणपटूला ही चाचणी म्हणूनच कमी लेखते. फुटबॉल पंचांनाही पूर्वी बारा मिनिटे धावावे लागे. पण सामन्यात पंच एका लयीत पळत नाही, तो झेपावतो, थांबतो, पुन्हा झेपावतो. त्यामुळे ‘फिफा’ने पुढे त्याऐवजी छोट्या वेगवान धावा आणि टप्प्याटप्प्याने धावण्याची चाचणी आणली.

कोणी ती देऊ नये?

ही पूर्ण जोर काढणारी चाचणी आहे. हृदयविकार, आटोक्यात नसलेला रक्तदाब किंवा छातीत दुखण्याचा पूर्वानुभव असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती देऊ नये. अनेक वर्षे व्यायाम नसलेल्या चाळिशीतल्या व्यक्तींनी आधी काही आठवडे चालणे आणि सावकाश धावणे अंगवळणी पाडावे. धावताना छातीत दडपण, चक्कर किंवा डोळ्यांपुढे अंधारी आल्यास त्याच क्षणी थांबावे, मग घड्याळात अकरा मिनिटे झालेली असली तरी.