वर्गातली चित्रफीत वर्गाबाहेर जाते तेव्हा

प्रकल्पात तीस सेकंदांपर्यंत गाणे वापरले तर चालते, हा नियम शिक्षकांच्या प्रशिक्षणांतून आणि व्हॉट्सॲप गटांतून इतका फिरला आहे, की तो आता कायदाच असल्यासारखा सांगितला जातो. त्याचे मूळ अमेरिकेत आहे. 1996 साली तिथे शैक्षणिक बहुमाध्यमी प्रकल्पांसाठी काही मार्गदर्शक तत्त्वे तयार झाली. गाण्याचा दहा टक्के भाग किंवा तीस सेकंद, यांत जे कमी असेल ते घ्यावे, चित्रपटाची तीन मिनिटे, एका चित्रकाराची पाच चित्रे, अशी मोजमापे त्यांत होती. ही तत्त्वे अमेरिकेतही कधी कायदा झाली नाहीत, आणि आपल्या देशात तर त्यांना काहीच आधार नाही. तरीही आपले विद्यार्थी सेकंद मोजत बसतात आणि ज्याकडे लक्ष द्यायचे ते राहून जाते.

आपला 1957 चा कॉपीराइट कायदा सेकंद मोजत नाही. शिक्षणासाठीची मोकळीक त्याच्या कलम 52 मध्ये आहे. शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने कोणत्याही कलाकृतीची प्रत केली, तर तो हक्कभंग होत नाही, असे 52(1)(i) सांगते. 2012 च्या दुरुस्तीआधी ही सवलत साहित्य, नाट्य, संगीत आणि चित्र-शिल्पापुरती होती. दुरुस्तीनंतर ‘कोणतीही कृती’ असा शब्दप्रयोग आला आणि त्यात चित्रपट व ध्वनिमुद्रणेही आली. या सवलतीची व्याप्ती किती, हे दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या रामेश्वरी फोटोकॉपी सेवेच्या खटल्यात ठरले. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी 2012 मध्ये हा दावा लावला होता. डिसेंबर 2016 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने सांगितले, की अभ्यासाच्या हेतूसाठी जेवढे लागते तेवढे घेता येते, त्यासाठी टक्क्यांची मर्यादा नाही आणि परदेशातले न्याय्य वापराचे चार निकषही इथे लावायचे नाहीत. शिकवण्याचा ओघ म्हणजे केवळ तासाची घंटा ते घंटा असेही न्यायालयाने मानले नाही. खटला पाठ्यसामग्रीच्या झेरॉक्सचा होता हे खरे, पण त्यात अर्थ लावला गेला तो याच कलमाचा.

त्याच्याच पुढचे 52(1)(j) स्नेहसंमेलनाला लागू पडते. शाळेचे कर्मचारी आणि विद्यार्थी यांनी संस्थेच्या कार्यक्रमात केलेले सादरीकरण, किंवा तिथे वाजवलेले ध्वनिमुद्रण वा दाखवलेला चित्रपट यांना मोकळीक आहे. अट एकच, प्रेक्षक ठरावीक असावेत: कर्मचारी, विद्यार्थी, त्यांचे पालक आणि संस्थेच्या कामाशी संबंधित माणसे. या दोन कलमांमुळे शाळेच्या चार भिंतींच्या आत आपले विद्यार्थी वाटते त्याहून कितीतरी मोकळे आहेत. अडचण येते ती चित्रफीत या भिंतींबाहेर जाते तेव्हा. प्रकल्पाच्या वेळी आपण विचारायचा पहिला प्रश्न ‘गाणे किती सेकंदांचे?’ हा नाही, ‘ही चित्रफीत कोण पाहणार?’ हा आहे.

एक उदाहरण घेऊन पाहू. समजा, आठवीच्या एका गटाने पंढरीच्या वारीवर चार मिनिटांची चित्रफीत केली. गूगलवर शोधून वारीची छायाचित्रे घेतली. पार्श्वभूमीला पं. भीमसेन जोशींनी गायलेला, राम फाटक यांनी चाल दिलेला नामदेवांचा एक अभंग लावला. मध्ये प्रभातच्या 1936 च्या ‘संत तुकाराम’ चित्रपटातल्या एका गाण्याचा तुकडा जोडला. वर्गात ती दाखवली, मार्क मिळाले, पालकसभेतही ती सर्वांनी पाहिली. इथवर कुठेही आक्षेप घेण्याजोगे काही नाही. नंतर कौतुकाने कोणीतरी ती शाळेच्या यूट्यूब वाहिनीवर चढवली. त्या क्षणी ती ‘शिकवण्याच्या ओघातली प्रत’ राहिली नाही. कायद्याच्या भाषेत ते जनतेपर्यंत पोचवणे झाले, आणि त्याला वरच्या दोन्ही कलमांचे संरक्षण मिळत नाही. स्नेहसंमेलनाचे फेसबुकवर थेट प्रक्षेपण केले, तर तिथेही हेच घडते, कारण प्रेक्षक ठरावीक राहत नाहीत.

आता या चार मिनिटांत नेमके कोणाचे काय आहे, हे उलगडून पाहणे वर्गात शिकवण्यासारखे आहे. अभंगापासून सुरुवात करू. नामदेवांचे शब्द सर्वांचे आहेत. चाल राम फाटकांची आहे, आणि संगीतरचनेवरचा हक्क रचनाकाराच्या निधनानंतर 60 वर्षे टिकतो. ध्वनिमुद्रणावरचा हक्क सहसा ते काढणाऱ्या कंपनीकडे असतो आणि तो प्रकाशनानंतर 60 वर्षे चालतो. शिवाय गायकाचे स्वतःचे हक्क वेगळे असतात. म्हणजे शब्द सातशे वर्षांपूर्वीचे असले, तरी कानावर पडणारा तो ठेवा मोकळा नाही. ‘हा तर संतांचा अभंग, त्याला कसला कॉपीराइट?’ हा प्रश्न म्हणूनच अर्धाच बरोबर आहे.

चित्रपटाचा तुकडा याहून फसवा आहे. चित्रपटावरचा हक्क प्रकाशनानंतर 60 वर्षांनी संपतो, त्यामुळे ‘संत तुकाराम’ चित्रपट म्हणून केव्हाच मोकळा झाला. पण गटाने निवडलेले गाणे होते ‘आधी बीज एकले’. अनेकांना तो तुकोबांचा अभंग वाटतो. प्रत्यक्षात तो या चित्रपटासाठी शांताराम आठवले यांनी लिहिला. आठवले 1975 मध्ये गेले, तेव्हा त्या शब्दांवरचा हक्क 2035 च्या अखेरपर्यंत आहे. चित्रपटाचा हक्क संपला म्हणून त्यातल्या गीताचा संपत नाही, दोन्हींची घड्याळे वेगळी चालतात. त्याच चित्रपटातली दृश्ये आवाज बंद करून घेतली असती, तर प्रश्न बराच सोपा झाला असता.

छायाचित्रांच्या बाबतीत मुलांचा एक समज हटवावा लागतो: ‘गूगलवरून घेतले’ हे मूळ नव्हे. गूगल फक्त वाट दाखवते, छायाचित्र कोणाचे तरी असतेच, आणि हल्लीच्या छायाचित्रांवर छायाचित्रकाराच्या हयातीनंतरही 60 वर्षे हक्क राहतो. एक गोष्ट मात्र वर्गाच्या आतही चालवून घेऊ नये. कोपऱ्यातले छायाचित्रकाराचे नाव दिसू नये म्हणून मुले कडा कापतात. कामावर आपले नाव असावे हा कलाकाराचा हक्क कलम 57 मध्ये वेगळा नोंदला आहे, आणि तो कॉपीराइट विकल्यावरही त्याच्याकडेच राहतो. हक्कासंबंधीची अशी माहिती जाणूनबुजून पुसणे हा 2012 पासून कलम 65ब खाली गुन्हाही आहे. उलट बाजूही मुलांना सांगावी: नाव दिले म्हणजे परवानगी मिळाली असे होत नाही. वर्णनात ‘सर्व हक्क मूळ मालकांचे’ असे लिहिल्याने काहीच बदलत नाही.

बाहेर जाणाऱ्या चित्रफितीलाही एक मोकळीक उरते, आणि शिक्षकांनी तिचा जास्त वापर करावा असे आम्हांला मनापासून वाटते. 52(1)(a) प्रमाणे समीक्षा किंवा परीक्षणासाठी कृतीचा न्याय्य वापर करता येतो. आपल्या गटाने अभंग केवळ वातावरणनिर्मितीसाठी लावला होता. त्याऐवजी त्यांनी ‘वारकऱ्यांची पारंपरिक चाल आणि मैफलीतली चाल यांत काय फरक आहे?’ असा प्रश्न घेतला असता, थोडा तुकडा ऐकवून थांबले असते, त्यावर बोलले असते, मग दुसरा तुकडा ऐकवला असता, तर तोच आवाज आता चर्चेचा विषय झाला असता. गाणे सजावटीला आहे की गाण्याबद्दल काही म्हटले जाते आहे, हे ओळखायची एक साधी खूण आहे. गाणे काढून टाकून चित्रफीत पाहावी. तिचा मुद्दा तसाच उभा राहिला, तर गाणे सजावटीला होते. मुद्दाच कोसळला, तर समीक्षेचा दावा भक्कम आहे. अर्थात मुद्द्याला लागेल तेवढेच घ्यावे. पूर्ण गाणे ऐकवून शेवटी दोन वाक्ये बोलणे ही समीक्षा नव्हे.

यूट्यूबची यंत्रणा मात्र हा फरक जाणत नाही. तिथली Content ID प्रणाली आवाजाचा ठसा हक्कदारांनी दिलेल्या ठशांशी जुळवते. जुळला की बहुधा काही मिनिटांत दावा दिसू लागतो, आणि मग हक्कदाराच्या मर्जीप्रमाणे चित्रफितीवर जाहिराती येतात किंवा ती बंद होते. हा दावा म्हणजे strike नव्हे, त्यामुळे मुख्याध्यापकांनी घाबरून जायचे कारण नाही. Strike येतो तो हक्कदाराने चित्रफीत काढण्याची रीतसर कायदेशीर मागणी केल्यावर, आणि 90 दिवसांत तसे तीन आले तर वाहिनी बंद होऊ शकते. दाव्याला हरकत घेता येते, हक्कदाराला उत्तरासाठी 30 दिवस मिळतात. पण ‘आम्ही शाळा आहोत’ एवढ्या बळावर हरकत घेऊ नये. समीक्षा असेल तरच घ्यावी, आणि कोणत्या सेकंदाला काय म्हटले आहे ते लिहून घ्यावी.

बाकीच्या प्रकल्पांसाठी आमची सूचना आहे, की सुरुवातीलाच दोन प्रती ठरवाव्यात, एक वर्गाची आणि एक बाहेरची. वर्गाच्या प्रतीत मुलांनी हवे ते जोडावे, कापावे, उलटसुलट करावे. शिकण्यासाठी ती मोकळीक कायद्यानेच दिली आहे, आपण ती भीतीपोटी काढून घेऊ नये. बाहेरच्या प्रतीत अभंग मुलांनीच गावा. नामदेवांचे शब्द, दिंडीतली पारंपरिक चाल, शाळेतले टाळ-मृदंग आणि मोबाइलवरचे ध्वनिमुद्रण, यात परवानगी घेण्यासारखे बाहेरचे कोणीच उरत नाही. छायाचित्रे विकिमीडिया कॉमन्सवरून घ्यावीत आणि प्रत्येकाखालचा परवाना वाचावा. CC BY असेल तर नाव व परवाना लिहिला आणि बदल केला असल्यास तसे नमूद केले की पुरे. CC BY-SA असेल तर बदल करून केलेली कृतीही त्याच परवान्याने प्रसिद्ध करावी लागते. कॉमन्सवर नसलेला, पण इतर संकेतस्थळांवर दिसणारा CC BY-NC शाळेला सहसा चालतो. तिथेच दिसणारा CC BY-ND मात्र टाळावा, कारण बदललेले चित्र प्रसिद्ध करायला तो परवानगी देत नाही, आणि मुलांचे काम बदलण्याचेच असते. चित्राचे नाव, छायाचित्रकार, दुवा आणि परवाना अशा चार रकान्यांची वही गटाने पहिल्या दिवसापासून ठेवली, तर शेवटी शोधाशोध करावी लागत नाही.

आणि बाहेरची प्रत चढवण्याआधी शाळेनेही एक परवानगी घ्यायची असते, जी बहुतेक ठिकाणी कोणी मागतच नाही. त्या चित्रफितीचे लेखन, संकलन आणि गायन मुलांचे आहे. विद्यार्थी शाळेचे कर्मचारी नाहीत, त्यामुळे त्यांनी केलेल्या कामाचा हक्क आपोआप शाळेकडे येत नाही. मुलांना विचारावे, पालकांची लेखी संमती घ्यावी, आणि श्रेयनामावलीत शाळेच्या बोधचिन्हाआधी त्यांची नावे यावीत.