सहाव्यांदा बरोबर पासवर्ड

लॉगिनचं पान तुम्ही रोज बघता. ई-मेलची चौकट, पासवर्डची चौकट, खाली एक बटण, त्याखाली बारीक अक्षरांत ‘पासवर्ड विसरलात?’. क्यूए इंटर्न म्हणून, म्हणजे सॉफ्टवेअर तपासणारी शिकाऊ म्हणून, हैदराबादच्या एका कंपनीत रुजू झाले, तेव्हा दुसऱ्याच दिवशी हेच पान माझ्यासमोर आलं. “याच्या टेस्ट केसेस लिही,” लीड म्हणाल्या. मी मनातल्या मनात हसले. यात काय लिहायचं एवढं?

संध्याकाळपर्यंत एक्सेलच्या शीटमध्ये ४२ ओळी भरल्या. तुमच्यापैकी कुणी हे काम केलं नसेल तर थोडक्यात सांगते. टेस्ट केस म्हणजे तपासणीची एक लेखी कृती. सुरुवातीला काय तयार हवं, मग कोणत्या पायऱ्या करायच्या, कोणती माहिती टाकायची आणि शेवटी काय दिसायला हवं, हे सगळं त्यात असतं. दुसऱ्या कुणी ती वाचून तशीच करून बघता आली पाहिजे. माझ्या ४२ मध्ये सगळं होतं. ई-मेल रिकामा, पासवर्ड रिकामा, दोन्ही रिकामे, ई-मेलमध्ये @ नाही, बटणाचा रंग बरोबर आहे. रंगावर तर चक्क तीन केसेस होत्या.

लीडनी शीट उघडली आणि रंगांवरून सरळ पुढे गेल्या. त्या थांबल्या एका ओळीवर. कंपनीने दिलेल्या नियमांत एक वाक्य होतं, ‘सलग ५ वेळा चुकीचा पासवर्ड टाकल्यास खाते १५ मिनिटे बंद राहील.’ त्यावर मी एकच केस लिहिली होती. पाच वेळा चुकीचा पासवर्ड टाका, खातं बंद झाल्याचा संदेश येतो का बघा. मग सहाव्यांदा चुकीचा टाका, पुन्हा तोच संदेश येतो का बघा. मी ती करूनही बघितली होती. दोन्ही वेळा संदेश आला, म्हणून पुढे हिरव्या रंगात ‘पास’ लिहिलं होतं.

“सहाव्यांदाही चुकीचाच का टाकलास?” त्यांनी विचारलं.

मला प्रश्नच कळला नाही. त्यांनी माझ्यासमोर पाच वेळा चुकीचा पासवर्ड टाकला. खातं बंद असल्याचा संदेश आला. सहाव्यांदा त्यांनी बरोबर पासवर्ड टाकला आणि पान सरळ आत गेलं. ‘स्वागत आहे.’

आता बघा, खातं बंद करण्याचा हेतू काय? कुणीतरी तुमचा पासवर्ड अंदाजाने टाकत बसलंय. जन्मतारीख, मुलाचं नाव, गाडीचा नंबर. पाच अंदाज चुकले की दार लागावं, म्हणजे सहावा अंदाज बरोबर असला तरी उपयोग नाही. आमच्या पानावर दार लागलंच नव्हतं, फक्त दारावर ‘बंद’ अशी पाटी लागली होती. कारण नंतर डेव्हलपरनेच सांगितलं. प्रोग्राम आधी पासवर्ड जुळतो का ते बघत होता. जुळला की आत. नाही जुळला, तरच चुकांची मोजणी बघून कोणता संदेश दाखवायचा ते ठरवत होता. खातं बंद आहे का, हे त्याने सगळ्यात आधी विचारायला हवं होतं.

माझ्या केसची चूक इथे होती. प्रोग्राम नीट असता तरी सहाव्या चुकीच्या पासवर्डला तोच संदेश आला असता आणि प्रोग्राम बिघडलेला होता तरी तोच आला. म्हणजे माझं हिरवं ‘पास’ काहीच सांगत नव्हतं. तेव्हापासून केस लिहिली की मी स्वतःला विचारते, ‘हे काम बिघडलेलं असतं तर या केसमध्ये वेगळं काय दिसलं असतं?’ उत्तर सुचलं नाही तर ती ओळ पुसते. त्या दिवशी ४२ मधल्या बऱ्याच ओळी अशाच गेल्या. रंगाच्या तिन्ही पहिल्यांदा.

मग त्या एका वाक्याच्या केसेस आम्ही नव्याने लिहिल्या. तुम्हीही सोबत करून बघा, कागद-पेन पुरे.

पहिली, चार वेळा चुकीचा आणि पाचव्यांदा बरोबर. आत जाता आलं पाहिजे. कुणी मोजणीत एकाची गडबड केली असेल तर ती या आणि पुढच्या केसमध्ये मिळून पकडली जाते. पाच म्हणताना चारलाच दार लागलं किंवा सहाला लागलं, असं फार वेळा होतं. दुसरी, पाच चुकीचे आणि सहावा बरोबर. इथे आत जाता येता कामा नये. तिसरीत नियमातला ‘सलग’ हा शब्द तपासायचा. चार चुकीचे, मग एक बरोबर, आत जा, बाहेर या आणि पुन्हा एक चुकीचा. खातं उघडंच राहिलं पाहिजे, कारण मधल्या बरोबर पासवर्डने मोजणी शून्यावर यायला हवी. तशी ती आली नसेल, तर महिनाभरात इकडेतिकडे झालेल्या पाच चुकांनी कुणाचंही खातं एक दिवस अचानक बंद पडेल आणि त्या माणसाला कळणारही नाही की का.

चौथीत मोजणी नेमकी कुठे होते हे बघायचं. एका ब्राउझरमध्ये पाच चुका करून खातं बंद करा, मग दुसऱ्या फोनवर त्याच ई-मेलने बरोबर पासवर्ड टाका. तिथेही नकारच मिळायला हवा. दुसऱ्या फोनवर प्रवेश मिळाला, तर मोजणी खात्याची नसून त्या ब्राउझरची होत आहे असं समजा. तसं असेल तर अंदाज बांधणाऱ्याला दर पाच चुकांनंतर फक्त नवी खासगी विंडो उघडायची आहे.

आणि १५ मिनिटं? चौदाव्या मिनिटाला बरोबर पासवर्ड टाकला तर नकार, सोळाव्याला प्रवेश. दर वेळी पाव तास कोण बसणार, म्हणून चाचणीच्या सर्व्हरवर डेव्हलपरकडून ती वेळ १ मिनिट करून घेतात. मीही घेतली. पण शेवटी एकदा खरी १५ मिनिटं थांबून बघावंच लागतं, कारण खऱ्या सर्व्हरवर कुणी १५ च्या जागी १५० लिहून ठेवलं तर आपल्या १ मिनिटाच्या चाचणीत ते दिसणार नाही. त्या पाव तासात चहा होतो.

इथे माझी आणखी एक फजिती झाली. पहिली केस एकटी चालवली की पास व्हायची, सगळ्या ओळीने चालवल्या की नापास. तासभर डोकं खाजवलं. मी सगळ्या केसेससाठी एकच चाचणी-खातं वापरत होते आणि आधीच्या केसमधली एक चूक मोजणीत उरलेली असायची. चार चुकांऐवजी तिथे पाच होत होत्या. दोष पानाचा नव्हता, माझ्या केसच्या सुरुवातीचा होता. मग प्रत्येक केससाठी वेगळं खातं घेतलं, `test01@example.com`, `test02@example.com` असं. आणि ‘सुरुवातीची स्थिती’ या रकान्यात, जो मी तोवर रिकामा सोडत होते, लिहिलं: खातं उघडं आहे, चुकांची मोजणी शून्य. एखादी केस एकटीने पास आणि रांगेत नापास होत असेल, तर आधी हा रकाना बघा.

पाचवी केस मात्र मला माझ्या आईमुळे सुचली, तिचा मला थोडा अभिमान आहे. आई फोनवर कुठलंही बटण एकदा दाबत नाही. नेट सावकाश असलं आणि लगेच काही हललं नाही की ती पुन्हा दाबते, मग पुन्हा. विचार आला, पासवर्ड चुकीचा असेल आणि बटण दोनदा दाबलं, तर चूक एक मोजली जाते की दोन? ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्कचा वेग मुद्दाम कमी करता येतो. तो कमी केला, चुकीचा पासवर्ड टाकला आणि बटण पटापट दोनदा दाबलं. असं तीनदा केल्यावर खातं बंद. आईच्या लेखी तीनच चुका झाल्या असत्या, सर्व्हरच्या लेखी पाच पूर्ण होऊन गेल्या होत्या. मी तसं लिहून दिलं, पायऱ्यांसकट. पहिल्या दाबानंतर उत्तर येईपर्यंत बटण निष्क्रिय राहील, अशी दुरुस्ती झाली.

एवढं झाल्यावर एक गाठ उरली, तिची केस मला लिहिता येईना. पानाचा दुसरा एक नियम होता. ई-मेल चुकला काय किंवा पासवर्ड चुकला काय, संदेश एकच दाखवायचा, ‘ई-मेल किंवा पासवर्ड चुकीचा आहे’. कारण ‘या ई-मेलचं खातं नाही’ असं वेगळं सांगितलं, तर कुणीही हजार पत्ते टाकून कुणाकुणाचं खातं इथे आहे याची यादी बनवू शकतो. दवाखान्याच्या किंवा लग्न जुळवणाऱ्या साइटवर अशी यादी कुणाच्या हाती लागली तर काय होईल, तुम्हीच विचार करा. आता मी न नोंदवलेला, मनाने बनवलेला ई-मेल पाच वेळा टाकला. खातंच नाही, तर बंद काय होणार? सहाव्यांदाही तोच साधा संदेश. खरा ई-मेल पाच वेळा टाकला की मात्र ‘खाते १५ मिनिटे बंद’. म्हणजे एका नियमाने जे झाकलं होतं ते दुसऱ्या नियमाने उघडं पडलं!

अपेक्षित निकालाच्या रकान्यात काय लिहायचं? दोन्ही नियम आपापल्या जागी बरोबर होते. मी काहीतरी लिहून मोकळी होणार होते, पण लीड म्हणाल्या, “तिथे आपला अंदाज लिहायचा नाही, प्रश्न लिहायचा.” मी दोन प्रश्न लिहिले. न नोंदवलेल्या ई-मेललाही पाच चुकांनंतर हाच संदेश दाखवायचा का? आणि माझा ई-मेल माहीत असलेल्या कुणी खोडसाळपणे दर पाव तासाला पाच चुका केल्या, तर मी माझ्याच खात्यात कधी जायचं?

पहिल्याचं उत्तर त्याच दिवशी आलं, ‘हो, दाखवायचा.’ ती ओळ मी केस म्हणून लिहिली. दुसऱ्यावर प्रॉडक्ट मॅनेजर, डेव्हलपर आणि लीड अशी तिघांची तासभर चर्चा झाली. शेवटी ठरलं की बंद काळातही ‘पासवर्ड विसरलात?’ चालू ठेवायचं आणि ई-मेलवर आलेल्या दुव्यातून नवा पासवर्ड घेणाऱ्याचं खातं तिथल्या तिथे उघडायचं. यातून त्रास कमी होतो, खोडसाळपणा थांबत नाही, हे तिघांनीही मान्य केलं. शीटमध्ये तोवर १९ ओळी झाल्या होत्या. मी विसावी लिहायला घेतली. खातं बंद असताना पासवर्ड बदला, नव्या पासवर्डने आत जा, मग बाहेर येऊन जुना टाकून बघा.