प्रश्नपत्रिकेचेही संविधान असते!

शिक्षणशास्त्राच्या भाषेत प्रश्नपत्रिकेच्या आराखड्याला ‘संविधान तक्ता’ म्हणतात. बी.एड. झालेल्या प्रत्येक शिक्षकाला हा शब्द ठाऊक आहे. कोणत्या घटकाला किती गुण, कोणत्या प्रकारचे किती प्रश्न, सोपे किती आणि कठीण किती, हे प्रश्न लिहिण्याआधी ठरवून कागदावर मांडायचे, म्हणजे संविधान तक्ता. पण प्रत्यक्षात काय होते? प्रश्नपत्रिका आधी तयार होते आणि तक्ता मागाहून, फाइलला लावण्यापुरता भरला जातो. याचा फटका कोणाला बसतो, हा आजचा विषय आहे.

पिंपरीच्या संत तुकाराम नगरात आम्ही काही कार्यकर्ते बारावी वाणिज्यच्या मुलांसाठी संध्याकाळचा अभ्यासवर्ग चालवतो. भोसरी-चाकणच्या कारखान्यांत पाळी करून येणारी मुलेही त्यात आहेत. त्यांना पुस्तपालन व लेखाकर्म या विषयाची धास्ती असते. लेखी परीक्षा ८० गुणांची आणि अंतर्गत मूल्यमापन २० गुणांचे. बालभारतीच्या २०२० च्या पाठ्यपुस्तकात दहा प्रकरणे आहेत. भागीदारीचे अंतिम लेखे, भागीदाराचा प्रवेश, निवृत्ती, मृत्यू आणि संस्थेचे विसर्जन ही पाच भागीदारीची. उरलेल्या पाचांत नफ्याचा हेतू नसलेल्या संस्थांचे लेखे, हुंडी, भागविक्री, वित्तीय पत्रकांचे विश्लेषण आणि लेखाकर्मातील संगणक येतात.

एका खासगी शिकवणीची सराव प्रश्नपत्रिका आमच्याकडे आली. सोबत तक्ताही होता. सोपे २४ गुण, मध्यम ४० आणि कठीण १६. म्हणजे तीस, पन्नास आणि वीस टक्के. प्रकरणांची बेरीजही बरोबर ८०. वरवर पाहता सगळे न्याय्य! पण आम्ही प्रकरणे उभी आणि काठिण्यपातळी आडवी मांडून प्रत्येक चौकटीत गुण लिहिले, तेव्हा खरे चित्र दिसले. कठीण १६ गुणांपैकी ९ एकट्या भागीदाराच्या प्रवेशात होते आणि ७ विसर्जनात. बाकी आठ प्रकरणांत कठीण असे काहीच नाही. म्हणजे ती परीक्षा हुशारीची राहिली नाही, दोन प्रकरणांची झाली. ज्याला ही दोन प्रकरणे शिकवली गेली नाहीत तो ‘कच्चा’ ठरला, आणि हुंडी वरवर शिकलेला ‘पक्का’ ठरला.

तेव्हा पहिली गोष्ट ध्यानात घ्यावी की बेरजा जुळल्या म्हणजे समतोल साधला असे होत नाही. समतोल तक्त्याच्या कडेला नसतो, आतल्या चौकटींत असतो.

दुसरी गोष्ट खास लेखाकर्माची आहे. इतर विषयांत एक प्रश्न सोपा किंवा कठीण असे म्हणता येते. इथे बारा गुणांचे एकच उदाहरण असते, त्याला सरसकट ‘कठीण’ असा शिक्का मारणे चूक आहे. अंतिम लेख्यांच्या उदाहरणात घसाऱ्याची एक समायोजना घ्या. तेरजेत यंत्रसामग्री १,००,००० रुपये आहे आणि त्यावर दरसाल १० टक्के घसारा काढा, हे सोपे, उत्तर १०,०००. आता यंत्रसामग्री १,२०,००० आहे आणि त्यातले २०,००० चे यंत्र १ ऑक्टोबरला घेतले, असे सांगा. वर्ष ३१ मार्चला संपत असल्याने नव्या यंत्रावर सहा महिन्यांचाच घसारा येईल. म्हणून १०,००० अधिक १,०००, एकूण ११,०००. जो मुलगा १२,००० लिहितो त्याने तारीख वाचलेली नाही. हे मध्यम.

आता तिसरे रूप पाहा. तेरजेत यंत्रसामग्री १,००,०००च आहे, पण १ ऑक्टोबरला घेतलेले २०,००० चे यंत्र चुकून खरेदी खात्यात नावे टाकले गेले आहे. इथे खरेदीतून २०,००० वजा करायचे, यंत्रसामग्रीत मिळवायचे, ११,००० घसारा काढायचा आणि ताळेबंदात १,०९,००० दाखवायचे. दुरुस्ती केली नाही तर निव्वळ नफा १९,००० रुपयांनी कमी दिसतो. हे कठीण. प्रकरण एकच, कल्पना एकच, तरी पातळ्या तीन! म्हणून बारा गुणांच्या उदाहरणात चार गुण सोप्या नोंदींचे, सहा मध्यम समायोजनांचे आणि दोन कठीण, अशी फोड करून तक्त्यात ते तीन चौकटींत लिहावे. मग कठीण १६ गुण आठ प्रकरणांत दोन-दोन असे सहज पसरतात, आणि कोणतेही एक उदाहरण मुलाला पूर्णपणे गिळत नाही.

‘किंवा’ने दिलेल्या पर्यायांचेही असेच आहे. हुंडीच्या उदाहरणाला भागविक्रीचा पर्याय दिला, तर एकाच वर्गात दोन वेगळ्या प्रश्नपत्रिका सुटतात. सराव परीक्षेत तरी पर्याय त्याच प्रकरणाचा आणि त्याच पातळीचा असावा, आणि बेरजेत तो एकदाच धरावा.

आता प्रश्नपेढीकडे वळू. आमच्याकडे चारशे प्रश्न आहेत, असे कोणी सांगितले की विचारावे, कोणत्या चौकटीत किती? दहा प्रकरणे आणि तीन पातळ्या म्हणजे तीस चौकटी. चारशेपैकी दीडशे प्रश्न भागीदाराच्या प्रवेशावर आणि संगणकाच्या प्रकरणावर सहा असतील, तर ती पेढी दिवाळखोर आहे. प्रत्येक चौकटीत पाच प्रश्न असले, तरी दीडशे प्रश्नांची पेढी तिच्यापेक्षा सरस ठरते. ‘प्रत्येकाने वीस प्रश्न आणा’ असे शिक्षकांना सांगितले, की सगळे हातखंडा प्रकरणाचेच प्रश्न आणतात. त्याऐवजी रिकामी चौकट नेमून द्यावी: तुम्ही हुंडीचे पाच कठीण प्रश्न करा, तुम्ही वित्तीय विश्लेषणाचे पाच मध्यम करा.

आणि सोपे-कठीण ठरवणार कोण? प्रश्न काढणाऱ्याचा अंदाज हा केवळ दावा असतो. पुरावा उत्तरपत्रिकेत असतो. समजा चाळीस मुलांनी चार गुणांचा प्रश्न सोडवला आणि सर्वांचे मिळून ६४ गुण झाले. शक्य गुण १६०. ६४ भागिले १६० म्हणजे ०.४०. आम्ही ०.७० च्या वर सोपा, ०.३० च्या खाली कठीण आणि मधला मध्यम मानतो. ‘सोपा’ शिक्क्याचा हा प्रश्न मुलांनी मध्यम ठरवला, तेव्हा शिक्का बदलायचा. पण वर्गातली पहिली दहा मुलेही अडखळली असतील, तर प्रश्न कठीण आहे असे लगेच समजू नये, आधी त्याची भाषा तपासावी. घसारा द्या म्हटले आणि दरसाल की कसे ते सांगितले नाही, तर तो दोष मुलांचा नव्हे. चाळीस मुलांचा आकडा फार पक्का नसतो. म्हणून दोन-तीन तुकड्यांचे आकडे जमल्यावरच अंतिम नोंद करावी.

आमची मागणी साधी आहे. कनिष्ठ महाविद्यालयांनी आणि शिकवण्यांनी पूर्वपरीक्षेच्या निकालासोबत चौकटींसह संविधान तक्ता मुलांना द्यावा. यावर कोणी म्हणेल, मग मुले काही प्रकरणे सोडून देतील. पण तक्ता परीक्षेनंतर मिळाल्यावर सोडणार काय? उलट, आपले गुण कोणत्या चौकटीत गेले हे मुलाला कळेल. ‘तुला अकाउंट्स जमत नाही’ या एका वाक्यावर आजवर किती मुलांनी वाणिज्य शाखा सोडली असेल! ‘विसर्जनातले कठीण गुण गेले, बाकी सगळे येते’ हे वाक्य त्याच मुलाला पुन्हा वही उघडायला लावते.